हळदीचं पत्र: बँकेच्या मॅनेजर मॅडम आधी कुठलं पान उघडतात?

आजच्या भागात आपण एक पत्र वाचणार आहोत. कर्जाचं पत्र. सांगलीत हळद निर्यात करणारी एक छोटी भागीदारी फर्म आहे, बहीण आणि भाऊ मिळून चालवतात, आणि त्यांनी बँकेच्या शाखा व्यवस्थापकांना हे पत्र लिहिलं. मी अशा छोट्या कारखानदारांच्या कर्जाच्या फायली तयार करून देतो, तेव्हा हे पत्रही माझ्या टेबलावरूनच गेलं. नावगाव सांगणार नाही, आणि आकडे ऐकायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. हिशोबाची रचना मात्र तीच ठेवलीय.

बसमध्ये इयरफोन लावून ऐकत असाल तर आकडे पाठ करू नका. सगळे इथे लिहिलेले आहेत, नंतर निवांत बघा.

आधी मागणी काय होती ते. पत्राची सुरुवात अशी आहे:

«विषय: ६० लाख रुपये मुदत कर्ज आणि १ कोटी ४० लाख रुपये निर्यात खेळते भांडवल मिळणेबाबत.

महोदया, आमची फर्म गेली नऊ वर्षे हळकुंड व हळद पावडर निर्यात करते. मागील वर्षी आमची विक्री ५ कोटी ८० लाख होती. पावडरीचे दळण आम्ही सध्या बाहेरच्या गिरणीतून करून घेतो व त्यासाठी किलोमागे ११ रुपये देतो. त्याच गिरणीत मिरची व धणेही दळले जात असल्याने आमच्या एका जुन्या ग्राहकाने पावडर घेण्यास नकार दिला आहे. स्वतःचे दळण व पॅकिंग युनिट उभारण्याचा खर्च ८० लाख आहे. त्यापैकी २० लाख आम्ही घालत आहोत.»

बघा, पहिल्या दहा ओळींत काय काय आलं. किती पैसे हवेत, कशाला हवेत, स्वतःचे किती घातले आणि मशीन नसल्यामुळे आज काय अडतंय. कंपनीचा इतिहास नाही, ‘आपल्या नामांकित बँकेचे सहकार्य’ नाही. भावानं पहिल्या मसुद्यात हळदीच्या औषधी गुणांवर एक परिच्छेद लिहिला होता. बहिणीनं तो काढला. बरं केलं.

पुढची ओळ महत्त्वाची. स्वतःच्या युनिटमध्ये दळण किलोमागे ६ रुपयांत होईल, म्हणजे ५ रुपये वाचतील. वर्षाला २०० टन पावडर धरली, म्हणजे दोन लाख किलो, तर वर्षाची बचत १० लाख. आणि ज्या ग्राहकानं नकार दिला होता त्याची ९० लाखांची ऑर्डर हातात आलीय, युनिट तयार झालं की माल जाईल, तिची प्रत जोडलीय. पुढच्या वर्षीची ७ कोटींची विक्री ‘बाजार वाढतोय’ या भरवशावर धरलेली नाही, तिच्यातला मोठा भाग कागदावर दाखवता येतो. बँक हा अंदाज तुमच्या जीएसटी रिटर्नशी आणि खात्यातल्या जमेशी ताडून बघते. तीन वर्षं पाच-साडेपाच कोटींवर अडकलेली विक्री अचानक दहा कोटी दाखवली, की पुढचं पान कुणी गांभीर्यानं वाचत नाही.

आता येऊया खऱ्या गोष्टीकडे. मॅनेजर मॅडम फाईल उघडतात तेव्हा नफा किती हे आधी बघत नाहीत. हप्ता कुठून येणार, हे बघतात. त्यासाठीचं गुणोत्तर म्हणजे डीएससीआर. मराठीत साधं सांगायचं तर वर्षभरात हप्ता आणि व्याज भरायला हातात किती पैसा असेल, भागिले हप्ता आणि व्याज मिळून किती भरायचंय. उत्तर १ आलं तर जेवढं आलं तेवढं गेलं. बँकांना साधारण सव्वा ते दीडच्या वरचं उत्तर आवडतं.

वरचा आकडा कसा काढायचा? करानंतरचा नफा घ्या. त्यात घसारा परत मिळवा, कारण घसारा वहीत खर्च म्हणून दिसतो पण खिशातून पैसा जात नाही. त्यात मुदत कर्जाचं व्याज परत मिळवा, कारण ते आपण खाली मोजणारच आहोत. एवढंच.

या फर्मचं पहिलं वर्ष बघू. करानंतरचा नफा १० लाख. घसारा १४ लाख, त्यातले १२ लाख नव्या मशिनरीचे. व्याज साडेपाच लाख. बेरीज साडेएकोणतीस लाख. खाली काय? ६० लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर दरवर्षी १२ लाख मुद्दल, आणि १० टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज साडेपाच लाख. म्हणजे साडेसतरा लाख. भागाकार १.६९.

भाऊ खूश. ‘सर, दीडच्या वर आहे, झालं काम.’

पण ही भागीदारी फर्म आहे. दोघांचा पगार खर्चात धरलाय, तो वेगळा. त्याशिवाय दरवर्षी दोघं मिळून ६ लाखांची उचल करतात. घरखर्च, मुलांची फी, आईचं औषधपाणी. नफा-तोट्याच्या पत्रकात ही उचल कुठेच दिसत नाही, ती भांडवली खात्यातून जाते. मॅनेजर मॅडम मात्र भांडवली खातं उघडतात आणि ती बरोबर शोधतात. ६ लाख वजा केले की वर साडेतेवीस लाख उरतात, आणि गुणोत्तर १.३४ वर येतं.

हा आकडा पत्रात आपणच द्यायचा की मॅडमनी शोधेपर्यंत थांबायचं, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. माझं मत स्पष्ट होतं: १.६९ लिहून नंतर १.३४ सापडला, तर फाईलमधल्या उरलेल्या प्रत्येक आकड्याकडे त्याच नजरेनं बघितलं जातं. बहिणीला पटलं. पत्रात थेट ‘भागीदारांची उचल वजा जाता’ असं लिहून १.३४ दिला.

मग तिनंच विचारलं, ‘आणि विक्री दहा टक्के कमी झाली तर?’

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण याचं उत्तर लोकांना वाटतं तसं येत नाही. विक्री दहा टक्के कमी म्हणजे नफा दहा टक्के कमी, असं आपण मनात धरतो. तसं होत नाही. या धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीतून माल, पॅकिंग, भाडं हे सगळं वजा जाता १५ रुपये हातात राहतात. ७ कोटींची विक्री ७० लाखांनी घटली, तर साडेदहा लाख हातातून जातात. पण पगार, वीज, ऑफिस, व्याज हे सगळं जागच्या जागी राहतं. करापूर्वीचा नफा साडेचौदा लाख होता, तो ४ लाखांवर येतो. कर जाऊन पावणेतीन लाख उरतात. म्हणजे दहा टक्के विक्री गेली आणि जवळजवळ तीन चतुर्थांश नफा गेला.

आता परत तोच भागाकार. पावणेतीन अधिक चौदा अधिक साडेपाच, वजा उचल सहा. सव्वासोळा लाख. भागिले साडेसतरा. उत्तर ०.९३.

एकच्या खाली. म्हणजे थोडं वाईट वर्ष गेलं तरी हप्त्याला सव्वा लाख कमी पडणार. खोलीत एकदम शांतता. आणि इथे काय पणाला लागलेलं होतं ते सांगतो. बँकेत प्राथमिक बोलणं झालं तेव्हा तारणाचा विषय निघाला होता. फर्मकडे मशीन आणि मालाशिवाय फार काही नाही. उरतं ते आईच्या नावावरचं राहतं घर. बहीण म्हणाली, घर लिहून द्यायचं असेल तर मला मशीन नको, गिरणीवाल्याकडेच दळू.

मग काय केलं? नफा फुगवला नाही. मुदत बदलली. ६० लाख पाचऐवजी सात वर्षांत फेडायचे. मुद्दल वर्षाला साधारण ८ लाख ६० हजार, पहिल्या वर्षाचं व्याज ५ लाख ६० हजार, म्हणजे एकूण १४ लाख २० हजार. नेहमीच्या वर्षी गुणोत्तर १.६५. वाईट वर्षी १.१४. एकच्या वर. हप्ता निघतो, ओढाताण होते पण निघतो. सात वर्षांत एकूण व्याज जास्त जाईल हे खरं, आणि भावाला ते शेवटपर्यंत खटकत होतं. पण हे कर्ज स्वस्तात फेडण्यापेक्षा वाईट वर्षात न थकवता फेडणं त्यांच्यासाठी जास्त मोलाचं होतं.

पत्रातला परिच्छेद असा झाला:

«विक्री १० टक्क्यांनी घटल्यास पाच वर्षांच्या मुदतीत आमचे डीएससीआर ०.९३ येते व सात वर्षांच्या मुदतीत १.१४ येते. म्हणून आम्ही सात वर्षांची मुदत मागत आहोत. दोन्ही गणिते सोबतच्या तक्त्यात आहेत. आमच्या सर्व कर्जांवरील एकूण व्याज साडेदहा लाख असून व्याज व करापूर्वीचा नफा त्याच्या सुमारे २.४ पट आहे.»

शेवटचं वाक्य म्हणजे व्याज कव्हरेज. साडेचौदा लाख करापूर्वीचा नफा, त्यात साडेदहा लाख व्याज परत मिळवलं, पंचवीस लाख. भागिले साडेदहा. हे सोपं गुणोत्तर आहे, पण त्यात मुद्दल येत नाही, म्हणून त्यावर एकट्यावर फार विसंबू नका. २.४ ऐकायला छान वाटतं, आणि त्याच फर्मचं वाईट वर्षातलं डीएससीआर ०.९३ असतं.

घराचं काय? छोट्या उद्योगांच्या तारणाशिवायच्या कर्जाला सीजीटीएमएसई नावाच्या ट्रस्टची हमी मिळू शकते. त्यासाठी दरवर्षी शुल्क भरावं लागतं. कर्ज बुडालं तर ट्रस्ट बँकेला ठरलेला भाग भरून देतो, तुमचं कर्ज काही माफ होत नाही, हे नीट समजून घ्या. पत्रात त्यांनी मशीन आणि माल तारण देतो, बाकीसाठी ही हमी घ्यावी, शुल्क आम्ही भरू, असं लिहिलं. वर्षाचं शुल्क हिशोबात धरलेलं होतं.

आता दुसरा भाग, रोकड. माझ्या मते हळदीच्या धंद्यात हा भाग डीएससीआरपेक्षाही नाजूक आहे. डीएससीआर वर्षाचा असतो, आणि माणूस वर्षात बुडत नाही, मे महिन्यात बुडतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची मोठी आवक साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत चालते. चांगला माल हवा तर तेव्हाच घ्यावा लागतो, आणि तिथे पैसे लवकर मोजावे लागतात. माल दळून, पॅक होऊन, कंटेनरमध्ये भरून, बोटीवर चढून, परदेशातल्या ग्राहकाकडून पैसे यायला या फर्मला शिपमेंटनंतर अडीच महिने लागतात. खरेदी उन्हाळ्यात, पैसे पावसाळ्यात.

त्यांनी महिन्यावार रोकड मांडली. मार्चच्या सुरुवातीला स्वतःचे २० लाख हातात. मार्चमध्ये जुन्या बिलांचे ५० लाख येणार, खरेदीला ८३ जाणार, बाकी खर्च आणि हप्ता मिळून १२. म्हणजे महिनाअखेर २५ लाख कमी. एप्रिलमध्ये ४५ येणार, ८८ आणि १२ जाणार. तूट ८० लाख. मेमध्ये ४० येणार, ६३ आणि १२ जाणार. तूट १ कोटी १५ लाख. हा वर्षाचा तळ. जूनमध्ये खरेदी २८ वर येते, ५५ लाख जमा होतात, तूट १ कोटीवर. जुलैला ६०, ऑगस्टला १५ लाख.

मागितलेली मर्यादा १ कोटी ४० लाख. हा आकडा कुठून आला? छोट्या उद्योगांसाठी बँकांची एक जुनी पद्धत आहे, नायक समितीची: अंदाजित विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल बँकेनं द्यायचं, ५ टक्के उद्योजकानं स्वतः घालायचं. ७ कोटींचे २० टक्के म्हणजे १ कोटी ४०. तळ १ कोटी १५ चा, मर्यादा १ कोटी ४० ची. पंचवीस लाखांची उसंत दिसते.

आता पुन्हा तोच बहिणीचा प्रश्न, जरा उशीर झाला तर? मेमध्ये जे ४० लाख यायचे आहेत, त्यातले २५ लाख एकाच ग्राहकाकडून आहेत. तो एक महिना उशिरा देतो म्हणाला, तर मेअखेरची तूट १ कोटी ४० लाख. मर्यादा काठोकाठ. त्यानंतर विजेचं बिल आलं तरी खात्यात पैसा नाही. ग्राहकानं पैसे बुडवलेले नाहीत, धंदा नफ्यात आहे, आणि तरीही चेक परत जातोय.

निर्यातीच्या मर्यादेत दोन कप्पे असतात हेही इथे लक्षात घ्या. माल पाठवण्याआधी मिळतं ते पॅकिंग क्रेडिट. माल पाठवल्यावर बिलाच्या आधारे मिळतं ते बिल डिस्काउंटिंग. पॅकिंग क्रेडिट फिटतं ते निर्यातीच्या बिलाच्या पैशातून. ग्राहक थांबला की बिलांचा कप्पा रिकामा होत नाही, पुढचं बिल त्यात जात नाही, आणि मागे पॅकिंग क्रेडिट तुंबतं. शिवाय पॅकिंग क्रेडिट मिळायला साधारणपणे हातात ऑर्डर किंवा एलसी लागते. हंगामात ऑर्डरच्या आधीच हळद घेऊन ठेवायची असेल तर रनिंग अकाउंटची सोय मागावी लागते. ती बँक चांगला इतिहास असलेल्या निर्यातदाराला देऊ शकते, आणि ऑर्डर नंतर आणून द्यावी लागते. त्यांनी ती पत्रात स्पष्ट शब्दांत मागितली. न मागता मिळेल असं धरून अंदाज मांडणारे बरेच बघितलेत मी.

अजून एक गृहीतक त्यांनी लपवलं नाही: हळदीचा भाव क्विंटलला १४,००० धरलाय. २०२३ मध्ये काय झालं आठवतंय? उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत भाव जवळपास दुप्पट झाला. तेवढीच टनं घ्यायची तर दुप्पट पैसे, आणि बँकेची मर्यादा मात्र रुपयांत ठरलेली. १४,००० नं मार्चची ८३ लाखांची खरेदी म्हणजे साधारण ५९ टन. भाव १६,००० झाला तर तोच माल ९५ लाखांना. एका महिन्यात १२ लाख जास्त, एकही किलो जास्त न घेता.

म्हणून पत्राचा शेवटचा मोठा परिच्छेद असा:

«मे महिन्यात आमची तूट सर्वाधिक, म्हणजे १ कोटी १५ लाख असेल. एका ग्राहकाचे २५ लाख महिनाभर लांबल्यास ती १ कोटी ४० लाख होईल. यासाठी एप्रिल ते जून या काळापुरती २० लाखांची अतिरिक्त हंगामी मर्यादा मिळावी, ही विनंती. ऑगस्टअखेर आमची गरज १५ लाखांपर्यंत उतरेल, हे सोबतच्या तक्त्यावरून दिसेल. भाव १६,००० च्या वर गेल्यास आम्ही खरेदीचे वजन कमी करू, मर्यादा वाढवून मागणार नाही.»

शेवटचं वाक्य बहिणीचं. मी सुचवलेलं नाही. पण मॅनेजर मॅडमनी पेन्सिलनं खूण केली ती याच वाक्याखाली.

पत्र दोन पानांचं. मागे तक्ते, तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी रिटर्न, आयईसी, स्पाइसेस बोर्डाची नोंदणी, मशीनचं कोटेशन, ऑर्डरच्या प्रती. बँक हेच आकडे तिच्या ठरलेल्या सीएमए फॉर्ममध्येही मागते, तेव्हा दोन्हीकडे आकडे जुळतायत ना ते बघून घ्या. पत्रात विक्री ७ कोटी आणि सीएमएमध्ये ७ कोटी २० लाख, एवढ्यावरून फाईल परत आलेली मी पाहिलीय.

मॅडमनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, वाईट वर्षात उचल किती कमी करू शकाल? बहीण म्हणाली, सहावरून चार, त्याखाली घर चालत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. चारनं मोजलं तर वाईट वर्षातलं १.१४ जातं १.२९ च्या आसपास. दुसरा प्रश्न, तो २५ लाखांचा ग्राहक कोण, किती वर्षांचा, आणि त्याच्यावर ईसीजीसीचा विमा आहे का? विमा नव्हता. परदेशी ग्राहकानं पैसे दिले नाहीत तर नुकसानाचा मोठा भाग भरून देणारी ही सरकारी कंपनी. मॅडम म्हणाल्या, तो काढून आणा.

मंजुरी आली ती अशी. मुदत कर्ज ६० लाख, सात वर्षं. निर्यात मर्यादा १ कोटी ४०. हंगामी मर्यादा २० नाही, १५ लाख, एप्रिल ते जून, आणि तीही त्या ग्राहकाचा विमा काढल्यानंतर. घर तारणात नाही. भागीदारांची उचल बँकेला न विचारता सहा लाखांच्या वर नेायची नाही, अशी अट. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या १० तारखेच्या आत.

भाऊ अजून त्या पाच लाखांवरून कुरकुरतो. बहिणीनं मेच्या रकान्यात पेननं १ कोटी ५५ लिहून तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लावलाय.